विषय वाटून घ्यावा, उदाहरणे वाटून घेऊ नयेत

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. १ मे १९८३ रोजी अमरावती येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. आज ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ या नावाने ओळखले जाते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम व यवतमाळ हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. या विद्यापीठाच्या परीक्षांना हिवाळी आणि उन्हाळी अशी नावे आहेत. हिवाळी परीक्षेचे दिवस आणि शिवारातील कापूस वेचणीचे दिवस बहुधा एकच असतात. त्यामुळे कला शाखेत अर्थशास्त्र घेतलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याच्या हाती अभ्यासासाठी रात्रीचे दोन-तीन तास उरतात. त्यातच समग्रलक्षी अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत आकडेमोडीची उदाहरणे आली की, दहावीनंतर गणिताशी संबंध सुटलेला हा विद्यार्थी ती सोडून देण्याकडे वळतो.

अशा वेळी चार-पाच जणांनी एकत्र येऊन अभ्यास वाटून घेणे हा नेहमीचा मार्ग होय. प्रत्येकाने एक प्रकरण घ्यावयाचे, त्यावर टिपणे काढावयाची आणि शेवटी ती एकमेकांना द्यावयाची, असे ठरते. वर्णनात्मक प्रश्नांपुरते हे काही अंशी साधते. उदाहरणांच्या बाबतीत मात्र ही वाटणी अंगाशी येते. दुसऱ्याने सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि त्यामुळे ते आपल्याला येते असा समज होतो. परीक्षागृहात कोरा कागद समोर आल्यावर पहिली पायरी कोणती, हेच सुचत नाही. म्हणून वाटणी कशाची करावी आणि कशाची करू नये, याचा विचार आधी करणे अगत्याचे आहे.

एक निरोप

उदाहरणादाखल पाच विद्यार्थ्यांचा एक गट डोळ्यांसमोर आणू. एक यवतमाळचा, एक दारव्ह्याचा, एक दिग्रसचा, एक पुसदचा आणि एक वणीची. रोज एकत्र बसणे त्यांना अशक्य आहे. त्यांपैकी वणीच्या विद्यार्थिनीने इतर चौघांना भ्रमणध्वनीवरून पाठवावयाचा निरोप पुढीलप्रमाणे असू शकेल.

“मित्रांनो, पेपरला चौदा दिवस उरले आहेत. आपण पाच भाग करू. पहिला भाग राष्ट्रीय उत्पन्नाचे मापन, दुसरा उपभोग फलन आणि गुणक, तिसरा शासनाचा खर्च, कर आणि परदेशी व्यापार, चौथा पैसा आणि बँकांची पतनिर्मिती, पाचवा निर्देशांक आणि भाववाढ. दारव्ह्याच्या दादाकडे वेचणी चालू आहे, म्हणून पाचवा भाग त्याला द्यावा. त्यात सूत्रे थोडी आहेत. गुणकाचा भाग मी घेते.

पहिल्या चार दिवसांत प्रत्येकाने आपल्या भागाची दोनच पाने तयार करावीत. त्यांत सूत्र, सूत्रातील प्रत्येक अक्षराचा अर्थ आणि एक उदाहरण सर्व पायऱ्यांसह असावे. शिवाय जुन्या प्रश्नपत्रिकांतून आपल्या भागाची पाच उदाहरणे निवडावीत. त्यांची उत्तरे मात्र कोणालाही पाठवू नयेत. ती स्वतःजवळच ठेवावीत.

पाचव्या दिवसापासून नवव्या दिवसापर्यंत रोज रात्री प्रत्येक भागातील एक उदाहरण सर्वांना मिळेल. भागांचा क्रम रोज बदलेल आणि उदाहरण कोणत्या भागातले आहे, हे त्यावर लिहायचे नाही. आपण निवडलेले सोडून उरलेली चार प्रत्येकाने पाने न पाहता कागदावर सोडवावीत आणि कागदाचे छायाचित्र पाठवावे. ज्याचा भाग, त्याने तपासावे. नुसते चूक किंवा बरोबर असे न लिहिता, कोणत्या ओळीत चुकले ते लिहावे.

दहाव्या दिवशी फक्त चुका पाहू. अकराव्या आणि तेराव्या दिवशी घड्याळ लावून एकेक जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवू. बाराव्या आणि चौदाव्या दिवशी नवे काही नको, चुकलेलीच उदाहरणे पुन्हा करू. कोणाला भाग बदलून हवा असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे. उदाहरणे सोडून द्यावीत असे मात्र कोणी म्हणू नये.”

या योजनेमागील कारणे

या निरोपात दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. तयारीचे काम पाच जणांत वाटले आहे. सोडविण्याचे काम वाटलेले नाही. पाच भागांची मिळून पंचवीस उदाहरणे होतात आणि त्यांपैकी वीस प्रत्येकाच्या हातून जातात. उरलेली पाच त्याने स्वतः निवडून, सोडवून ठेवलेली असतात.

विषयाचे तुकडे करून ते गटातील एकेकास देण्याची पद्धत शिक्षणशास्त्रास नवी नाही. अमेरिकेतील ऑस्टिन शहराच्या शाळांत मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये ती वापरली. परंतु त्या पद्धतीतही शेवटची चाचणी प्रत्येक विद्यार्थ्याने एकट्याने आणि संपूर्ण विषयावर द्यावयाची असते. हा दुसरा भाग गळला की पद्धत निकामी होते, आणि आपल्याकडील अभ्यासगटांत नेमका तोच गळतो.

उदाहरणांची सरमिसळ करण्यासही आधार आहे. रोरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या दोन गटांना निरनिराळ्या घनाकृतींचे घनफळ काढावयास दिले होते. एका गटाने एका प्रकारची सर्व उदाहरणे संपवून मग दुसरा प्रकार घेतला. दुसऱ्या गटाला सर्व प्रकार मिसळून मिळाले. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र मिसळून सराव केलेल्यांची ६३ टक्के उत्तरे बरोबर आली, तर पहिल्या गटाची केवळ २० टक्के. एकाच प्रकारची उदाहरणे ओळीने सोडविताना सूत्र कोणते लावावयाचे हा प्रश्नच उद्भवत नाही. परीक्षेत तोच प्रश्न सर्वप्रथम उभा राहतो. निरोपातील ‘भागाचे नाव लिहायचे नाही’ ही अट याचसाठी आहे. पहिल्या दोन रात्री या अटीमुळे चुका वाढतील. त्यामुळे गटाने विचलित होण्याचे कारण नाही.

एक उदाहरण, तीन रूपे

समग्रलक्षी अर्थशास्त्रातील उदाहरणे वरवर निराळी दिसली तरी पुष्कळदा त्यांच्या मुळाशी एकच हिशेब असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातील गुणकाचे उदाहरण घेऊन हे पाहता येईल.

समजा, प्रश्न असा आहे : उपभोग फलन C = २०० + ०.८Y असून गुंतवणूक ३०० कोटी रुपये आहे. समतोल उत्पन्न काढा. गुंतवणूक ५० कोटी रुपयांनी वाढल्यास उत्पन्न कितीने वाढेल?

येथे Y म्हणजे उत्पन्न आणि C म्हणजे उपभोगावरील खर्च. ०.८ ही सीमांत उपभोग प्रवृत्ती होय. उत्पन्नात एक रुपयाची भर पडली तर लोक त्यातील ८० पैसे खर्च करतात, असा तिचा अर्थ. समतोलात उत्पन्न हे एकूण खर्चाइतके असते, म्हणून Y = २०० + ०.८Y + ३००. उत्पन्नाची पदे एका बाजूस घेतली म्हणजे ०.२Y = ५०० आणि Y = २,५०० कोटी रुपये. प्रत्येक वाढीव रुपयातून २० पैसे बचतीच्या रूपाने बाहेर पडतात. या गळतीने १ ला भागले की गुणक मिळतो : १ ÷ ०.२ = ५. म्हणून ५० कोटींच्या वाढीव गुंतवणुकीने उत्पन्न २५० कोटींनी वाढते.

आता याच प्रश्नात एका वाक्याची भर पडते : शासनाचा खर्च १०० कोटी रुपये असून उत्पन्नाच्या २५ टक्के कर आहे. लोक आता संपूर्ण उत्पन्नातून खर्च करीत नाहीत. कर देऊन हाती राहिलेल्या उत्पन्नातून करतात. एका रुपयातून ७५ पैसे हाती राहतात आणि त्यांचे ८० टक्के, म्हणजे ६० पैसे खर्च होतात. गळती ४० पैशांची झाली. समतोल उत्पन्न (२०० + ३०० + १००) ÷ ०.४, म्हणजे १,५०० कोटी रुपये येते आणि गुणक ५ वरून २.५ वर उतरतो. त्याच ५० कोटींनी उत्पन्न आता १२५ कोटींनीच वाढते.

तिसऱ्या रूपात, उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम आयातीवर खर्च होते असे सांगितलेले असते. ही १० पैशांची आणखी एक गळती होय. एकूण गळती ५० पैसे आणि गुणक २. वाढ १०० कोटींची. गुंतवणूक तीच, उपभोग प्रवृत्तीही तीच. परंतु उत्तरे २५०, १२५ आणि १०० अशी तीन आली. सूत्र पाठ करणारा विद्यार्थी येथे गोंधळतो. ‘एका रुपयातून बाहेर किती जाते’ एवढेच विचारणारा गोंधळत नाही.

चूक ओळखण्याची खूण

सर्वांत अधिक होणारी चूक म्हणजे दुसऱ्या रूपातही पहिल्या रूपातील ५ हाच गुणक वापरणे. ती ओळखण्यासाठी उत्तरसूचीची गरज नाही. आलेले उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहावे. कराच्या उदाहरणात एखाद्याने २५० कोटींची वाढ धरली तर नवे उत्पन्न १,७५० कोटी होते. त्यावर २५ टक्के कर ४३७.५ कोटी, हाती राहिले १,३१२.५ कोटी. उपभोग २०० अधिक त्याचे ८० टक्के, म्हणजे १,२५० कोटी. त्यात ३५० कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींचा शासकीय खर्च मिळवला की बेरीज १,७०० कोटी येते. उत्पन्न १,७५० आणि खर्च १,७००, म्हणजे समतोल नाही, उत्तर चुकले. हेच १,६२५ कोटी घेऊन करून पाहिल्यास दोन्ही बाजू जुळतात. हा पडताळा दोन मिनिटांत होतो आणि परीक्षागृहात हाच विद्यार्थ्याचा तपासनीस असतो.

दुसरी चूक वाचण्याची आहे. कर ‘उत्पन्नाच्या २५ टक्के’ असेल तर गुणक घटतो. कर ‘१०० कोटी रुपये’ असा ठोक दिला असेल तर उत्पन्नातील वाढीबरोबर तो वाढत नाही, म्हणून गुणक ५ च राहतो. त्या स्थितीत उपभोग २०० + ०.८(Y – १००) होतो आणि समतोल उत्पन्न २,६०० कोटी येते. ‘टक्के’ हा एक शब्द सारे उत्तर फिरवितो.

म्हणून तपासणाऱ्याने चुकांची नोंद तीन रकान्यांत ठेवावी : प्रश्न वाचण्यात चूक, मांडणीत चूक आणि आकडेमोडीत चूक. दहाव्या दिवशी रकाने मोजले की उपाय आपोआप ठरतो. वाचण्याच्या चुका अधिक असतील तर प्रश्नातील दिलेल्या राशी प्रथम एकाखाली एक लिहून काढण्याची सवय लावावी. मांडणीच्या चुका असतील तर त्या भागाची दोन पाने पुन्हा पाहावीत. केवळ आकडेमोड चुकत असेल तर रोज दहा मिनिटे दशांश भागाकार करावा. तिन्ही चुकांना ‘गणित कच्चे’ असे एकच नाव दिल्याने काहीही सुधारत नाही.

भागांचे एकमेकांशी नाते

चौथ्या भागातील पतनिर्मितीचे उदाहरण हे गुणकाचेच भावंड होय. बँकेत १,००० रुपयांची रोख ठेव आली आणि ठेवींच्या १० टक्के रक्कम राखून ठेवावयाची असेल, तर उरलेले ९०० रुपये कर्जाऊ जातात, ते दुसऱ्या बँकेत ठेव म्हणून येतात आणि त्यांतील ८१० रुपये पुन्हा कर्जाऊ जातात. येथील गळती १० पैशांची आहे, म्हणून एकूण ठेवी १,००० ÷ ०.१, म्हणजे १०,००० रुपये होतात. प्रश्नात ‘एकूण ठेवी’ विचारल्या आहेत की ‘नव्याने निर्माण झालेल्या ठेवी’, हे पाहावे. दुसऱ्याचे उत्तर मूळ १,००० वजा करून ९,००० रुपये येते. लोक काही रोकड घरातच ठेवतात असे प्रश्नात सांगितले असेल तर ती आणखी एक गळती, आणि उत्तर त्या प्रमाणात लहान होते. बँकेचा भाग घेतलेल्याने गुणकाचा भाग घेतलेलीशी एकदा बोलून घेतले, तर दोघांचीही दोन पाने अधिक सुबोध होतील.

पहिल्या भागात जुन्या प्रश्नपत्रिका वापरताना एक सावधगिरी लागते. बाजारभावाने स्थूल देशांतर्गत उत्पन्न ५,००० कोटी, परदेशातून मिळणारे निव्वळ घटक उत्पन्न उणे १००, घसारा ४००, अप्रत्यक्ष कर ६०० आणि अनुदाने २०० कोटी असतील, तर घटक किमतीनुसार निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न ४,९००, मग ४,५०० आणि शेवटी ४,१०० असे उतरत काढतात. शेवटच्या पायरीत ६०० नव्हे, तर करांतून अनुदाने वजा जाता उरलेले ४०० वजा होतात; चूक बहुधा तेथेच होते. मात्र जानेवारी २०१५ मध्ये भारताची राष्ट्रीय उत्पन्नाची मालिका बदलली. तेव्हापासून विकासदर घटक किमतीऐवजी बाजारभावाने मोजलेल्या उत्पन्नावरून सांगितला जातो आणि क्षेत्रवार आकडे मूलभूत किमतींनुसार मूल्यवर्धनाचे असतात. त्यापूर्वीच्या प्रश्नपत्रिकांतील उदाहरणे सरावास उपयोगी आहेत. त्यांतील व्याख्या मात्र चालू अभ्यासक्रमाशी ताडून घ्याव्यात.

कागदावरचा गुणक आणि गावातील गुणक

या उदाहरणांचा ग्रामपंचायतीच्या कारभाराशीही संबंध पोचतो. महाराष्ट्राचा रोजगार हमी अधिनियम १९७७ चा असून तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. झरी जामणी तालुक्यातील एखाद्या गावी रस्त्याच्या कामावर मजुरी वाटली गेली, तर त्या पैशाचे त्याच गावात किती फेरे होतील? मजुराने तेल, कापड, औषध वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या दुकानातून आणले की तो पैसा गावाच्या दृष्टीने आयातीवर गेला. बचत अल्प असली तरी ही गळती मोठी असते, म्हणून गावापुरता गुणक पुस्तकातील ५ पेक्षा पुष्कळच लहान राहतो. देशाच्या दृष्टीने मात्र वणीतील खर्च ही गळती नव्हे. सीमा कोठे आखली यावर गुणक अवलंबून असतो.

याखेरीज डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्येच एक मर्यादा दाखवून दिली होती. केन्सचा गुणक मंदीतील औद्योगिक देशासाठी मांडलेला आहे. तेथे यंत्रे आणि मजूर रिकामे असतात. मागणी वाढली की उत्पादन वाढते. कृषिप्रधान, अविकसित अर्थव्यवस्थेत मागणी वाढल्याबरोबर धान्याचे उत्पादन वाढत नाही. तेव्हा वाढीव उत्पन्नाचा बराच भाग भाववाढीत जातो. पैशातील उत्पन्न २५० ने वाढले, तरी वस्तूंच्या रूपातील उत्पन्न तितके वाढेलच असे नाही. वणीच्या विद्यार्थिनीने आपल्या दोन पानांच्या शेवटी हे दोन वाक्यांत लिहून ठेवले, तर ‘गुणकाच्या मर्यादा’ या वर्णनात्मक प्रश्नाचीही तयारी त्यातच होऊन जाईल. पाचव्या भागातील भाववाढीच्या प्रकरणाला जोडणारा दुवाही हाच असून, तो दारव्ह्याच्या विद्यार्थ्याकडे पाठवावयाचा आहे.